बोट ठेवून दाखवता येईल असा निकष

*मी चौथीला शिकवते. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला यशाचे निकष मुलांच्या भाषेत फळ्यावर लिहायचे, असं आमच्या शाळेत या वर्षापासून ठरलं आहे. मी अध्ययन निष्पत्ती सोपी करून लिहिते. परवा वर्णनलेखनाच्या तासाला लिहिलं होतं: ‘मी वस्तूचं छान वर्णन करतो/करते. मी योग्य विशेषणं वापरतो/वापरते. मी किमान दहा ओळी लिहितो/लिहिते. माझं अक्षर सुवाच्य आहे.’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, त्यात दहा मिनिटं गेली. तास संपताना जवळजवळ सगळ्यांनी चारही निकषांपुढे बरोबरची खूण केली. वह्या तपासल्या तर वर्णनं नेहमीसारखीच! भाषा आणखी सोपी करू का? गणिताचे निकष कसे लिहायचे? रोज नवे लिहायचे का? आणि ज्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही, त्यांना फळ्यावरच्या लिखाणाचा काय उपयोग?*

*एक शिक्षिका*

नमस्कार ताई,

भाषा आणखी सोपी करू नका. तुमची चारही वाक्यं चौथीच्या मुलाला कळतात. पण ती कळूनही आपल्या वहीत नेमकं काय शोधायचं, हे त्याला कळत नाही. ‘छान वर्णन’ म्हणजे काय, हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच पहिला निकष तपासता येईल, आणि ज्याला माहीत आहे त्याला निकषाची गरजच नाही. बाकीची मुलं आपण मेहनत केली आहे एवढंच आठवतात आणि खूण करतात. त्यांच्या दृष्टीने ती खोटी खूण नसते. ‘योग्य विशेषणं’ची गत तीच. ‘काळी’ हे छत्रीसाठी योग्यच विशेषण आहे, मग खूण का करू नये?

अक्षराचा निकष चांगलाच आहे, पण तो आजच्या तासाचा नाही. अक्षर, शुद्धलेखन, तारीख, समास सोडणं या रोजच्या गोष्टींची एक वेगळी पट्टी भिंतीवर कायमची लावून ठेवा. आजच्या निकषांत त्या आल्या की मूल आधी त्यांच्याकडे वळतं, कारण त्या ओळखीच्या असतात आणि पटकन होतात.

राहिला तिसरा, दहा ओळींचा. तुमच्या चार निकषांत मुलाला स्वतः पडताळता येईल असा हाच एक होता. ओळी मोजता येतात. म्हणून मुलांनी खरं तर याच निकषासाठी लिहिलं असणार. वह्या पुन्हा काढून बघा. सातव्या-आठव्या ओळीच्या आसपास ‘ती मला खूप आवडते’, ‘ती खूप उपयोगी आहे’ अशी वाक्यं सुरू झालेली दिसतील. दहाचा आकडा गाठायला मुलं अशीच वाक्यं घालतात. ओळींची संख्या सांगायची तर काम देताना तोंडी सांगा. ती कामाबद्दलची सूचना आहे, शिकण्याचा निकष नाही.

तेव्हा निकष लिहून झाला की तो एका कसोटीवर घासून बघा: मुलाला त्याच्या वहीतल्या एखाद्या ठिकाणी बोट ठेवून ‘हे बघा, इथे केलंय’ असं दाखवता येईल का? ‘छान वर्णन’ कुठे बोट ठेवून दाखवणार? ‘उघडताना कसा आवाज होतो ते सांगितलं’ हे मात्र दाखवता येतं. नसेल तर ते नाही, हेही मुलाला लगेच दिसतं.

असे निकष अध्ययन निष्पत्ती सोपी करून मिळत नाहीत. निष्पत्ती वर्षभराच्या शिकण्याचं टोक सांगते, वाट सांगत नाही. ती कितीही सोपी केली तरी शेवटी ‘मला वर्णन लिहिता येतं’ एवढंच हाती लागतं. निकष मिळतात ते स्वतः ते काम करून बघितल्यावर. तासाच्या आदल्या दिवशी मुलांना जे देणार ते तुम्ही लिहा, मुलांना झेपेल अशाच शब्दांत. समजा, विषय छत्री आहे. मी लिहिलेला नमुना असा:

‘कोपऱ्यात उभी असलेली ही छत्री लांब आणि काळी आहे, पण उन्हाने तिचा रंग आता करडा दिसतो. दांडा लाकडाचा आहे आणि हात लावून लावून गुळगुळीत झाला आहे. उघडताना आधी करकर आणि मग खट् असा आवाज येतो. तिची एक काडी वाकली आहे, म्हणून उघडल्यावर ती एका बाजूला झुकते.’

आता लिहिताना आपण काय काय केलं ते आठवा. आधी पूर्ण छत्री कशी दिसते ते सांगितलं, मग दांडा, मग काडी. नुसतं दिसणं सांगून थांबलो नाही, हाताला कसं लागतं आणि कानाला काय ऐकू येतं तेही आलं. आणि शेवटी वाकलेली काडी आली, जिच्यामुळे दहा काळ्या छत्र्यांतून हीच उचलता येईल. हे आपण केलं म्हणून वर्णन जमलं. हेच निकष. फळ्यावर ते असे दिसतील:

आज शिकतोय: वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वस्तू उभी राहील असं वर्णन लिहायला.

जमलं, हे कसं ओळखायचं?
१. आधी पूर्ण वस्तू कशी दिसते ते सांगितलं, मग एकेक भाग घेतला.
२. दिसण्याशिवाय आणखी काहीतरी सांगितलं: आवाज, वास किंवा हाताला कसं लागतं.
३. तशाच दुसऱ्या वस्तूत सापडणार नाही अशी एक खूण सांगितली.

तीनच ठेवले आहेत. चौथी-पाचवीच्या मुलाला लिहिता लिहिता याहून जास्त गोष्टींवर लक्ष ठेवणं जड जातं. तुम्हाला सहा सुचले तर सहाच्या सहा लिहू नका. वर्गाला आधीच जमतात ते गाळा आणि अजून जमत नाहीत ते तीन ठेवा.

क्रियापदांकडेही बघा. ‘करतो/करते’, ‘लिहितो/लिहिते’ अशा तिरक्या रेघा आल्या की नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथेच अडखळतं. ‘सांगितलं’, ‘घेतला’, ‘लिहिलं’ अशा रूपांना ही अडचण नाही, मुलगा असो की मुलगी, वाक्य तेच राहतं. शिवाय झालेल्या गोष्टीबद्दलचं वाक्य तपासता येतं. ‘मी खूण सांगतो’ हे स्वतःबद्दलचं मत झालं. ‘खूण सांगितली’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुठे सांगितली? मात्र मुलांची भाषा वापरायची म्हणून विषयाचे शब्द टाळू नका. ‘छेद’, ‘हातचा’, ‘परिच्छेद’, ‘बाष्पीभवन’ हे शब्द मुलांनी शिकायचेच आहेत, ते निकषात येऊ द्या. सोपं ठेवायचं ते बाकीचं वाक्य. अडथळा ‘सुसंगत’, ‘समर्पक’, ‘यथायोग्य’ अशा शब्दांचा असतो, कारण त्यांतून काय करायचं हेच कळत नाही.

आता तासाची सुरुवात. निकष उतरवून घेणं आजपासून बंद करा. फळ्यावरून वहीत नक्कल करताना मूल अक्षरं बघतं, वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरत नाही, आणि लिहिण्याची दहा मिनिटं जातात ती जातातच. निकष मोठ्या अक्षरांत कागदाच्या पट्ट्यांवर आदल्या दिवशी लिहून ठेवा. शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचता येतात का ते एकदा बघा.

पण पट्ट्या आल्या आल्या लावून मोकळं होऊ नका. रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९८९ साली एका लेखात मांडलेली गोष्ट इथे फार कामाची आहे. ते म्हणतात, काम सुधारायचं तर विद्यार्थ्याजवळ तीन गोष्टी लागतात: चांगलं काम कसं असतं याची कल्पना, आपलं काम त्याच्याशी ताडून बघता येणं, आणि दोन्हींतलं अंतर कमी करायला काहीतरी करणं. फळ्यावर लिहिलेली तीन वाक्यं यातली पहिली गोष्टसुद्धा पूर्णपणे देत नाहीत. नमुना बघितल्याशिवाय ‘दुसऱ्या वस्तूत सापडणार नाही अशी खूण’ या शब्दांना मुलाच्या मनात आकारच येत नाही.

म्हणून सुरुवातीला फक्त ‘आज शिकतोय’ ही ओळ लावा आणि दोन वर्णनं मोठ्याने वाचा. एक तुमचं वरचं. दुसरं तुम्हीच मुद्दाम साधं लिहिलेलं: ‘माझी छत्री काळी आहे. ती खूप छान आहे. तिला दांडा आहे. ती मला खूप आवडते. ती पावसात उपयोगी पडते.’ वर्गातल्या कोणाची वही यासाठी घेऊ नका. नाव सांगितलं नाही तरी वर्गाला अक्षरावरून आणि वाक्यांवरून कळतं, आणि त्या मुलाचा दिवस खराब होतो.

मग विचारा, ‘कोणती छत्री डोळ्यांसमोर आली?’ सगळे पहिलीच म्हणतील. खरा प्रश्न पुढचा: ‘कुठल्या वाक्यामुळे?’ कोणी खट् आवाजाचं नाव घेईल, की दुसरी पट्टी लावा. कोणी वाकडी काडी म्हणेल, की तिसरी लावा. मुलांचे शब्द तुमच्या शब्दांहून नेमके असतील तर पट्टीवरचं खोडून त्यांचे लिहा. ‘सापडणार नाही अशी खूण’ऐवजी एखादं मूल ‘हरवली तर ओळखता येईल अशी खूण’ म्हणालं, तर ते तुमच्या-माझ्या वाक्यापेक्षा सरस आहे. पहिला निकष, क्रमाचा, मुलांकडून बहुधा येणार नाही. तो तुम्ही सांगा: ‘मी आधी दांडा, मग पूर्ण छत्री, मग काडी असं लिहिलं असतं तर?’ आणि तसं वाचून दाखवा. यात सात-आठ मिनिटं जातील. नक्कल करण्यात जात होती त्याहून कमीच, आणि तासाच्या सुरुवातीला निकष लागलेलेही असतील.

आता लिहिणं सुरू झालं. एका मुलीने लिहिलं असं समजू या: ‘माझी छत्री निळी आहे. तिच्यावर पांढरे ठिपके आहेत. ती खूप सुंदर आहे. तिचा दांडा वाकडा आहे. ती मला खूप आवडते.’ दहा-बारा मिनिटांनी सगळ्यांना पेन्सिल खाली ठेवायला सांगा. शेवटी नाही, मध्येच. तास संपताना तपासलं तर सुधारायला वेळच उरत नाही, मग सॅडलर यांची तिसरी गोष्ट राहून जाते. सांगा, ‘ज्या वाक्यात पहिला निकष दिसतो त्याच्यासमोर समासात १ लिहा, दुसरा दिसतो तिथे २, तिसरा दिसतो तिथे ३.’ शेवटी चार खुणांची यादी करण्यापेक्षा हे फार वेगळं पडतं, कारण आकडा टाकायला वाक्य शोधावंच लागतं.

या मुलीने पहिल्या वाक्यासमोर १ टाकला आणि ठिपक्यांसमोर ३. २ कुठेच बसेना. ‘सुंदर’समोर टाकू का, असं ती शेजारणीला विचारते. शेजारीण म्हणते, ‘तो काय आवाज आहे का?’ ही दोन वाक्यांची कुजबुज फार मोलाची आहे. तुम्ही काहीही न सांगता तिला आपल्या लिखाणातली जागा सापडली. आता तिला पाच मिनिटं द्या. ती ‘खूप सुंदर आहे’ खोडून लिहिते, ‘ती मिटवली की तिच्यातून पाणी टपटप गळतं.’ आणि ठिपक्यांबद्दल तुम्ही जवळ जाऊन एवढंच विचारा, ‘अशाच ठिपक्यांची दुसरी छत्री असू शकेल ना? मग तुझी कशी ओळखायची?’ ती जरा विचार करते आणि दांड्याला बांधलेला लाल दोरा तिला आठवतो. वर्णन अजून लहान आहे, दहा ओळी झालेल्या नाहीत, पण ते कालच्यापेक्षा चांगलं आहे आणि का चांगलं आहे ते ती सांगू शकते.

एक गोष्ट नक्की होईल, तिची तयारी ठेवा. कोणीतरी लिहील, ‘छत्रीला वास येत नाही’, आणि समासात २ टाकेल. निकषात वास आहे म्हणून वास आला. रागावू नका, आणि ‘हे चालणार नाही’ म्हणून सोडूनही देऊ नका. ते वर्णन त्या वाक्यासकट वाचा, मग ते वाक्य गाळून वाचा, आणि विचारा, ‘दुसऱ्यांदा छत्रीचं काही हरवलं का?’ काहीच हरवलं नाही, हे मुलं स्वतःच सांगतात. पुढच्या वेळी दुसऱ्या पट्टीच्या शेवटी ‘ज्याने वस्तू जास्त ओळखू येते’ एवढी भर घाला. निकषातलं भोक असंच सापडतं, आधी बसून विचार करून सगळी सापडत नाहीत. दुसरी बाजूही तपासत जा: एखादं सुरेख वर्णन निकष पाळत नसेल, तर चूक निकषाची आहे. कोणी आधी काडीपासून सुरुवात करून पूर्ण छत्रीपर्यंत आलं आणि ते वाचताना मजा आली, तर पहिला निकष त्याच्यासाठी सोडून द्या आणि का सोडला ते वर्गाला सांगा. लेखनाचे निकष म्हणजे निवडायची साधनं असतात, सगळीच प्रत्येक वेळी वापरायला हवीत असं नाही.

गणितात हे उलट असतं, म्हणून तुमचा तो प्रश्न महत्त्वाचा आहे. उभ्या मांडणीच्या वजाबाकीत एकही पायरी गाळून चालत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी ‘माझी पाचही उदाहरणं बरोबर आली’ असा निकष दिसतो. तो उत्तराबद्दल आहे, आणि उत्तर चुकल्यावर मुलाला त्याचा काहीच उपयोग नाही. कुठे चुकलं ते सांगणारा निकष हवा. ५०३ − २६८ घ्या. स्वतः सोडवा, आणि हात कुठे कुठे थांबतो ते बघा. माझे निकष असे निघाले:

१. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, शतकाखाली शतक मांडलं.
२. प्रत्येक घरात वरच्या अंकातून खालचा वजा केला. वरचा लहान असेल तिथे डावीकडच्या घरातून एक घेतला आणि तिथला अंक खोडून नवा लिहिला.
३. डावीकडच्या घरात शून्य असेल तर आधी त्याच्याही डावीकडून घेतलं.
४. उत्तर आणि खालची संख्या यांची बेरीज करून वरची संख्या येते का ते पाहिलं.

इथे चार ठेवले, कारण ही एकाच क्रमाने जाणारी वाट आहे. मूल एकेक पायरी करत पुढे जातं, चारही गोष्टी एकदम डोक्यात धरायच्या नसतात.

चौथीत हमखास सापडणारं एक उत्तर ३६५ आहे. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. त्याला उत्तर अगदी बरोबर वाटतं, कारण त्याने हिशोबात कुठेच घाई केलेली नाही. चौथा निकष त्याला अडवतो. ३६५ आणि २६८ यांची बेरीज ६३३ येते, ५०३ येत नाही. मग तो निकषांवरून मागे येतो आणि दुसऱ्यापाशी थांबतो: वरचा अंक तीन, त्याने वजा केलं ते आठातून, आणि खोडलेला अंक एकही नाही. चूक त्याची त्याला सापडते. बरोबर सोडवलेल्यात दशकावरचं शून्य खोडून तिथे ९ आणि शतकावरचे पाच खोडून ४ लिहिलेले दिसायला हवेत, तेव्हा उत्तर २३५ येतं. ती खोडलेली जागा म्हणजे बोट ठेवून दाखवण्याची जागा. म्हणून गणिताच्या वहीत खाडाखोड दिसली की गुण कापू नका, नाहीतर मुलं मनात हातचा घेतील आणि तुम्हाला कुठलीच पायरी दिसणार नाही.

रोज नवे निकष लिहू नका. वर्णनाचे तीन निकष एका तासात पचत नाहीत, त्याच पट्ट्या तीन-चार तास राहू द्या. त्यासाठी निकषात छत्रीचं नाव येऊ देऊ नका. शर्ली क्लार्क या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ हाच आग्रह धरतात: काय शिकायचं ते एका बाजूला, कशावर लिहायचं ते दुसऱ्या बाजूला. माझा अनुभवही तसाच आहे. ‘छत्रीच्या काड्यांबद्दल सांगितलं’ असा निकष लिहिला की मुलं छत्रीच शिकतात. दुसऱ्या दिवशी जुनी बॅग दिली तर पुन्हा पहिल्यापासून. वर दिलेल्या पट्ट्या मात्र बॅगेला, सायकलीला, शाळेच्या घंटेला तशाच लागू पडतात. पुढच्या तासांना त्या लावताना सगळ्या वाचून दाखवू नका. ‘काल कुठला आकडा समासात बसत नव्हता?’ एवढं विचारा आणि तोच निकष आज पुढे घ्या. चौथ्या वेळी पट्ट्या न लावता मुलांनाच विचारा की आज काय काय बघायचं. त्यांनी सांगितलेलं फळ्यावर लिहा.

काही तासांना सुरुवातीला निकष लावणं नुकसानीचंही असतं. त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून मुलांनी त्यांची बेरीज स्वतः शोधायची आहे आणि फळ्यावर आधीच ‘बेरीज १८० अंश येते हे दाखवलं’ असं लिहिलं, तर शोधायला काय उरलं? मुलं कोनमापकाचं वाचन ओढूनताणून १८० वर आणतील. अशा तासाला सुरुवातीला फक्त प्रश्न लिहा आणि मोजण्यापुरते निकष द्या: कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर ठेवला, शून्याची रेघ एका बाजूवर ठेवली, तिथल्याच शून्यापासून मोजलं. निष्कर्षाची ओळ मुलांनी सांगितल्यावर शेवटी लिहा. हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. वर्ग बघायला कोणी आलं आणि फळ्यावर नुसता प्रश्न दिसला, तर तुम्ही विसरलात असं वाटायला नको. पाठाच्या टाचणात एक ओळ लिहिलेली असली की पुरे. पट्ट्या तीन दिवस त्याच का, याचंही कारण तिथेच लिहा.

हे सगळं लागू पडतंय की नाही, ते फळ्याकडे बघून कळणार नाही. मुलं लिहीत असताना दोन-तीन जणांजवळ जा, फळ्याकडे त्यांची पाठ होईल असं वळवा आणि विचारा, ‘तुझं जमलं, हे तुला कसं कळेल?’ ‘बाई तपासतील तेव्हा’ किंवा ‘पान भरलं की’ असं उत्तर आलं तर निकष भिंतीवरच राहिले आहेत. ‘अजून आवाजाचं यायचंय’ असं आलं तर तुमचं काम झालं आहे. वह्या तपासतानाही तुमचा शेरा याच तीन आकड्यांत ठेवा. ‘२ छान. ३ अजून शोध, कुठली खूण?’ एवढं पुरे. शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीवर लाल गोल केले तर मूल पुढच्या वेळी तेच जपेल आणि तुमच्या पट्ट्या वाया जातील.

आता वाचायला अडखळणारी मुलं. त्यांच्यासाठी प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला चित्र काढा: पहिल्याला मोठं वर्तुळ आणि त्यातून निघणारी तीन लहान वर्तुळं, दुसऱ्याला कान, नाक आणि हात, तिसऱ्याला एक ठसठशीत चांदणी. चित्रं तुम्ही लावली आणि समजावली असं करू नका. नमुन्यांवर बोलणं चालू असताना वर्गालाच विचारा, ‘याला काय चित्र काढू?’ मग ते चित्र कशाचं आहे हे कोणाला वाचून दाखवावं लागत नाही. निकष समजायला वाचता यावं लागत नाही, नमुना ऐकता आला की पुरतो. म्हणून दोन्ही वर्णनं नेहमी मोठ्यानेच वाचा. या मुलांना आधी तोंडी वर्णन करू द्या. शेजारचं मूल बोटावर मोजेल: पूर्ण छत्री सांगितली, एक, आवाज सांगितला, दोन, खूण सांगितली, तीन. बोट उघडायचं राहिलं की बोलणाऱ्याला आपोआप कळतं काय राहिलं. मग त्यातलं एकच वाक्य, त्याला सगळ्यात आवडलेलं, त्याला लिहू द्या आणि समासात आकड्याऐवजी कान किंवा चांदणी काढू द्या. त्या एका वाक्यापुरते निकष त्याच्यासाठीही तेच आहेत, सोपे करून दिलेले नाहीत.